चिठ्ठी दिल्यावर पुढे काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

"मॅडम, शाळांतल्या दंततपासणी शिबिरांवरच्या आमच्या वर्गातल्या प्रेझेंटेशनसाठी तुम्ही सुचवलेले प्रश्न फार नकारात्मक वाटले. आम्ही इंटर्न उन्हातान्हात शाळाशाळांत जाऊन दात तपासतो, कीड सापडली की पालकांसाठी चिठ्ठी देतो. यात चुकलं कुठे? आणि फ्लोराइडचा उपयोग सिद्ध झालेला असताना पुन्हा पुराव्याचे प्रश्न कशाला?"

एका मुलीचं उदाहरण घेऊन बोलू. समजा, घणसोलीच्या शाळेतली तिसरीतली, आठ वर्षांची मुलगी आहे. तुम्ही टॉर्च आणि माउथ मिररने बघता, तर खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या पक्क्या दाढेत खड्डा दिसतो. चिठ्ठीवर तुम्ही लिहिता, 'दातांना कीड, उपचार घ्यावेत.' ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरी ती दुधाचीच समजतात. 'पडणारच आहे ती' असं म्हणून आई चिठ्ठी बाजूला ठेवते. वडील रोजंदारीवर असतील तर सकाळच्या ओपीडीला येणं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. पुढे मुलगी सुजलेला गाल घेऊन येते, तेव्हा फिलिंगची वेळ टळून गेलेली असते आणि दाढ वाचवायची तर रूट कॅनॉल करावं लागतं. तुमच्या अहवालात मात्र ती 'तपासलेली' आणि 'रेफर केलेली' या दोन्ही रकान्यांत आहे.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. वायव्य इंग्लंडमधल्या १६८ शाळांतल्या सुमारे १७ हजार मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. काही शाळांत दंततपासणी केली, काहींत केली नाही. तपासणी झालेल्या शाळांतल्या मुलांची उपचाराविना राहिलेली कीड कमी झाली नाही आणि दवाखान्यात जाणाऱ्यांचं प्रमाणही ठळकपणे वाढलं नाही. तिथे मुलांना सरकारी खर्चाने उपचार मिळतात, तरीही! आपल्याकडे तर खर्चाचा प्रश्न त्यावर आणखी येतो. म्हणून 'किती मुलं तपासली?' याच्या आधी 'किती मुलांची दाढ भरली गेली?' हा प्रश्न मी ठेवला.

दुसरी अडचण प्रत्यक्ष तपासणीतली. किडीची पहिली खूण म्हणजे इनॅमलवरचा खडूसारखा पांढरा डाग. तो लाळेने ओल्या दातावर सहसा दिसत नाही. दात स्वच्छ करून पाचेक सेकंद हवेने वाळवला की उठून दिसतो. वर्गाच्या दारात तुमच्याकडे हवा मारायची सोय नसते. दोन दाढांच्या मधली कीड तर बाइटविंग एक्स-रेशिवाय बऱ्याचदा हाती लागतच नाही. म्हणजे कीड थांबवता किंवा परतवता येते त्या टप्प्यावरची मुलं 'निरोगी' म्हणून घरी जातात, आणि पालक निश्चिंत होतात. ही निश्चिंती मला जास्त खुपते.

आता फ्लोराइड. त्याच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो कुठल्या रूपात आणि कोणाला किती, हा. फ्लोराइड टूथपेस्टमुळे मुलांमधली कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते, असं २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. ज्या मुलाच्या दातांचे चार नवे पृष्ठभाग किडणार होते, त्याचा साधारण एक वाचतो. ज्याचा एक पृष्ठभाग किडण्याचीही शक्यता कमी, त्याला फायदा त्याच प्रमाणात कमी. टक्केवारी तीच राहते, पण वाचलेले दात मुलागणिक वेगळे. स्लाइडवर नुसते २४ टक्के लिहिलेत तर हा फरक दिसत नाही.

फ्लोराइड व्हार्निशचा परिणाम जास्त दिसतो: २०१३ च्या आढाव्यात पक्क्या दातांसाठी सुमारे ४३ टक्के. शिवाय ते शाळेतच ब्रशने लावता येतं, वडिलांची मजुरी बुडत नाही. पण साधारण दर सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, आणि आपलं शिबिर वर्षातून एकदाच होतं. शिवाय त्या मुलीच्या दाढेत पडलेला खड्डा व्हार्निशने भरणार नाही. तिथे फिलिंगच हवं.

पाण्यात फ्लोराइड घालण्याचा प्रश्न मी सुचवलेल्या प्रश्नांत मुद्दाम नव्हता. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे, तर चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड इतकं जास्त आहे की फ्लोरोसिस होतो. दोन्हीकडे एकच उत्तर चालणार नाही.

तुमच्या प्रेझेंटेशनसाठी एवढंच सुचवते. चिठ्ठीवर दाढ कुठली ते लिहा, आणि 'ही पक्की दाढ आहे, पडून पुन्हा येणार नाही' हे मराठीत आणि मुलीच्या घरी बोलतात त्या भाषेत लिहा. जवळचा दवाखाना, दिवस आणि वेळ द्या. सहा महिन्यांनी त्याच शाळेत जाऊन चिठ्ठी दिलेल्या मुलांचे तेच दात पुन्हा बघा, आणि किती दाढा भरलेल्या सापडल्या तो आकडा 'तपासलेली मुलं' या आकड्याशेजारी मांडा. तो अगदी कमी आला, तरी प्रेझेंटेशनमधून काढू नका. कोणती चिठ्ठी वाया गेली आणि का, हे त्या मुलांच्या पालकांना विचारून आलात, तर पुढच्या बॅचला शिबिर कुठे बदलायचं ते कळेल.