अमाल्गमेशनचे ते फिरणारे ‘चार रूल’ आणि त्यातले घोळ

“अमाल्गमेशनचा कुठलाही सम येऊ दे, चार रूल पाठ करा. १) पर्चेस कन्सिडरेशन म्हणजे बुक व्हॅल्यूने असेट्स वजा लायबिलिटीज. २) डिबेंचरवाल्यांना दिलेलं पण त्यात मिळवा. ३) घेणाऱ्या कंपनीने सगळं जुन्या किमतीलाच लिहायचं, रिझर्व्हसकट. ४) लिक्विडेशनचा खर्च घेणाऱ्याने दिला तर तोही कन्सिडरेशनमध्ये. मार्क पक्के!”

अमाल्गमेशनवर, म्हणजे एक कंपनी दुसरीत विलीन होते त्या हिशोबावर, हा फॉरवर्ड पोरांमध्ये फिरतोय. मार्क पक्के जातील, एवढं खरंय. मी संध्याकाळी अकाउंट्स शिकवतो आणि गेल्या महिन्यात एकाच बॅचमधल्या तीन पोरांनी हे चार रूल वापरून तीन वेगवेगळी गुडविल काढून दाखवली, म्हणून आता बसून लिहितोच.

उदाहरण एकच घेऊ. ब कंपनी अ कंपनीत जातेय. ब चे शेअर्स ४०,००० (दर्शनी किंमत १० रुपये), म्हणजे भांडवल ४,००,०००, जनरल रिझर्व्ह १,००,०००, डिबेंचर्स १,००,०००, क्रेडिटर्स ८०,०००. दुसऱ्या बाजूला बिल्डिंग २,००,०००, मशिनरी १,८०,०००, स्टॉक १,२०,०००, डेटर्स १,००,०००, कॅश ७०,००० आणि प्राथमिक खर्चाचे १०,००० अजून राईट ऑफ न झालेले. ठरलंय असं की बिल्डिंग २,६०,००० ला, मशिनरी १,५०,००० ला, स्टॉक १,१०,००० ला घ्यायचा, डेटर्सवर ५ टक्के बुडीत धरायचे, बाकी आहे तसं. मोबदला म्हणून ब च्या दर ४ शेअर्समागे अ चे ३ शेअर्स, दर्शनी १० चे पण १५ रुपयांना धरलेले, शिवाय ब च्या प्रत्येक शेअरमागे अडीच रुपये रोख. डिबेंचरवाल्यांना अ आपली डिबेंचर्स देणार, १,०५,००० ची.

आता पहिला रूल. कन्सिडरेशन म्हणजे घेतलेल्या मालाची बेरीज-वजाबाकी नाही हो, ते म्हणजे अ ने ब च्या शेअरहोल्डरना काय दिलं ते. एएस १४ या अकाउंटिंग स्टँडर्डमधली व्याख्या हीच आहे: शेअर्स, इतर सिक्युरिटीज, रोख किंवा दुसरी मालमत्ता, जे काही शेअरहोल्डरच्या हातात पडलं त्याची बेरीज. आपल्याकडे ३०,००० शेअर्स गुणिले १५ म्हणजे ४,५०,००० आणि रोख १,००,०००, एकूण ५,५०,०००. फॉरवर्डवाल्याच्या हिशोबाने, प्राथमिक खर्च सोडून, ६,७०,००० वजा १,८०,००० म्हणजे ४,९०,००० येतात, आणि हे ४,९०,००० या व्यवहारात कुणालाच दिलेले नाहीत! खऱ्या विलीनीकरणातही असंच चालतं, १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत एचडीएफसी लिमिटेड विलीन झाली तेव्हा शेअरहोल्डरला सांगितलं गेलं ते एवढंच की तुमच्या २५ शेअर्समागे बँकेचे ४२ मिळतील. रेशो ठरवताना मालमत्तेचा विचार होतो, पण मोबदला म्हणून मोजायचं ते दिलेलंच. असेट्स वजा लायबिलिटीजची पद्धत सुद्धा आहे, नाही असं नाही, पण समात काय दिलं ते सांगितलंच नसेल तेव्हाच ती वापरायची, आणि तेव्हाही ठरलेल्या किमतींनी.

दुसरा रूल सगळ्यात जास्त घात करतो. डिबेंचरवाले शेअरहोल्डर नाहीत, ते ब चे धनको आहेत. अ ने ब चं ते कर्ज अंगावर घेतलं, मग आपली डिबेंचर्स देऊन फेडलं, एवढंच. ते १,०५,००० कन्सिडरेशनमध्ये पण घातले आणि घेतलेल्या देण्यांमध्ये पण लिहिले तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते, आणि ५०,००० ची गुडविल १,५५,००० होऊन बसते. गुडविल अवाच्या सवा आली की आधी इथेच शोधायचं.

तिसऱ्या रूलसाठी थोडं थांबायला लागेल कारण तो पूर्ण खोटा नाही, दुसऱ्या घरचा आहे. विलीनीकरण ‘मर्जरच्या स्वरूपाचं’ असेल तर पूलिंग पद्धत लागते, तिथे खरंच जुन्या किमती आणि रिझर्व्ह तसेच येतात. पण त्याला एएस १४ च्या पाच अटी एकदम पाळाव्या लागतात. त्यातली एक अशी की मोबदला अख्खा इक्विटी शेअर्समध्येच हवा, रोख फक्त अपूर्णांक शेअर्सपुरती. आपल्या अ ने १,००,००० रोख दिलेत, म्हणजे विषय संपला, पर्चेस मेथड. तिथे स्टँडर्ड जुन्या किमतीही चालवून घेतं, पण दोघांनी किमती ठरवल्या असतील तर त्याच लिहायच्या.

मग अ च्या पुस्तकात बिल्डिंग २,६०,०००, मशिनरी १,५०,०००, स्टॉक १,१०,०००, कॅश ७०,००० नावे. डेटर्सपाशी पोरं अडखळतात. ते १,००,००० नेच नावे करायचे आणि ५,००० ची तरतूद वेगळी जमा करायची, कारण गिऱ्हाइकांकडून कायद्याने येणं पूर्ण लाखाचंच आहे, कुणाचे पैसे बुडणार ते अजून माहीत नाही. स्टॉकला असलं काही नसतं, तो सरळ ठरलेल्या किमतीला. जमेला तरतुदीबरोबर क्रेडिटर्स ८०,०००, ब ची डिबेंचर्स १,०५,००० आणि बिझनेस पर्चेस ५,५०,०००. जमा ७,४०,०००, नावे ६,९०,०००, फरक ५०,००० तो गुडविल. उलटा फरक आला असता तर कॅपिटल रिझर्व्ह. गुडविल सहसा पाच वर्षांत राईट ऑफ करायची, हे एएस वाल्या कंपन्यांसाठी, इंड एएस लागू असेल तर ती राईट ऑफ होत नाही, दरवर्षी इम्पेअरमेंट तपासतात.

प्राथमिक खर्चाचे १०,००० यात कुठेच नाहीत, कारण तिथे घेण्यासारखं काही नाहीच. आणि ब चा जनरल रिझर्व्ह? तो पण येत नाही, तो ब च्या शेअरहोल्डरचा होता आणि मोबदल्यातून त्यांना पोचला. फक्त कायद्याने जपावा लागणारा रिझर्व्ह असेल तर तो पुढे चालू दाखवतात, समोर अमाल्गमेशन अॅडजस्टमेंट रिझर्व्ह नावे टाकून.

चौथा पटकन. ब च्या लिक्विडेशनचा खर्च अ ने भरला, समजा १०,०००, तर तो शेअरहोल्डरला मिळाला का? नाही, मग कन्सिडरेशन ५,५०,००० च राहतं. अ ने गुडविल नावे, बँक जमा, गुडविल ६०,००० झाली, ब कडे काहीच एन्ट्री नाही. ब ने स्वतः सोसला तर मात्र तो ब च्या रिअलायझेशन खात्याला जातो.

आणि आपलं उत्तर बरोबर आहे का ते बघायला ब ची पुस्तकं उघडा. तिथे सगळं जुन्याच किमतीला रिअलायझेशनला जातं (डिबेंचर्सही १,००,००० नेच, १,०५,००० ने नाही). मोबदला ५,५०,००० आणि देणी १,८०,०००, त्यातून असेट्स ६,७०,००० वजा, नफा ६०,०००. आता भांडवल ४,००,०००, रिझर्व्ह १,००,०००, नफा ६०,०००, त्यातून प्राथमिक खर्च १०,००० काढा, बरोब्बर ५,५०,००० उरतात, म्हणजे अ कडून आलेले शेअर्स आणि रोख वाटून टाकलं की खातं शून्य. ४,९०,००० धरून हेच करा, शेअरहोल्डरला द्यायचे ४,९०,००० आणि लिक्विडेटरच्या हातात ५,५०,००० चे शेअर्स-रोख, वरचे ६०,००० कुणाचे ते रूलवाल्यालाच विचारा.