दादाच्या झोपाळ्याला शंभर हॅशटॅग कशाला?

«फर्निचरवाल्यांनो, व्हिडिओ सर्चमध्ये वर आणायचाय? 1) टायटलची शंभरही अक्षरं भरा: सोफा, बेड, झूला, बेस्ट, सस्ता, सगळं. 2) डिस्क्रिप्शनमध्ये किमान शंभर हॅशटॅग टाका, मोठ्या कंपन्यांची आणि शहरांची नावं घाला, संखेडा तर हवंच. 3) तेच शब्द कमेंटमध्ये टाकून पिन करा, यूट्यूब कमेंटपण वाचतं. 4) एकदा टाकलेलं टायटल बदलू नका, व्हिडिओ मरतो. पुढे पाठवा.»

पुढे पाठवलं, आणि ते आमच्या दादापर्यंत पोचलं. दादाचा कारखाना बडोद्यात वाडी भागातल्या एका गल्लीत आहे. तीन माणसं, एक रंधा मशीन आणि बाहेर नेहमी कोणाचा तरी अर्धा झालेला पलंग. प्लायवूडच्या दुकानदाराने हा मजकूर सुतारांच्या ग्रुपवर टाकला, दादाने भाच्याला बसवलं आणि दोन रविवार घालवून बावीस व्हिडिओंचे मजकूर बदलून टाकले. मला कळलं ते तिसऱ्या रविवारी, दांडिया बाजारात चहा पिताना. तोवर घोळ होऊन गेला होता.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण नुकसान तिथेच आहे.

शंभर हॅशटॅग. हे लिहिणाऱ्याने यूट्यूबचं हॅशटॅगवरचं मदतपान एकदाही उघडलेलं नाही. तिथे सरळ लिहिलंय की एका व्हिडिओवर 60 पेक्षा जास्त हॅशटॅग असतील तर त्यातला एकही धरला जात नाही, आणि अति टॅग लावले तर व्हिडिओ सर्चमधून काढलाही जाऊ शकतो. म्हणजे भाच्याने रात्री अकरापर्यंत बसून जे शंभर शब्द टाकले, त्यांची किंमत शून्य. त्याने तीनच टाकले असते तर ते तिन्ही चालले असते.

त्याहून वाईट ती मोठ्या कंपन्यांची आणि शहरांची नावं. दादाच्या सागवानी झोपाळ्याच्या व्हिडिओखाली सुरत, राजकोट, मुंबई आणि दोन नामांकित कंपन्या लिहिल्या होत्या. दादाचं म्हणणं, «लोक ती नावं शोधतात, मग आपला व्हिडिओ दिसेल.» समजा दिसला. सुरतेत सोफा शोधणाऱ्याने तो उघडला, वाडीतला कारागीर पाटाला पॉलिश करताना दिसला, तो दहा सेकंदांत परत गेला. सर्चचा क्रम कसा लागतो हे सांगताना यूट्यूब दोन गोष्टी स्पष्ट बोलतं: शोधलेले शब्द टायटल, टॅग, डिस्क्रिप्शन आणि व्हिडिओतल्या मजकुराशी किती जुळतात, आणि त्याच शोधावरून आलेली माणसं व्हिडिओ किती वेळ पाहतात. म्हणजे जे पळून जाणार त्यांना बोलावून तुम्ही स्वतःविरुद्धच साक्ष गोळा करताय. शिवाय व्हिडिओशी संबंध नसलेले शब्द डिस्क्रिप्शनमध्ये रचणं हे यूट्यूबच्या नियमांत स्पॅम आणि फसवणुकीच्या सदरात मोडतं. त्यात व्हिडिओ काढला गेला तर दादाने तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

आता «संखेडा तर हवंच». याने मी सगळ्यात जास्त चिडले. संखेडा बडोद्याजवळचं गाव, 2013 पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात. तिथलं फर्निचर म्हणजे लेथवर घडवलेलं सागवान, लाखेचा थर आणि त्यावर सोनेरी नक्षी. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. दादा बनवतो तो साधा सागवानी झोपाळा, चौकोनी पायांचा, पॉलिशचा. लेथशी त्याचा संबंध नाही. दादाला विचारलं, «हा संखेडा आहे का?» तर म्हणाला, «सगळे तेच म्हणतात ना.» संखेडा लिहिल्यावर एक बाई वाघोडिया रोडवरून रिक्षाने आल्या, मरून रंगाचं नक्षीकाम मागितलं आणि पाच मिनिटांत निघून गेल्या. रिक्षाभाडं त्यांचं गेलं, इज्जत दादाची.

यातला अर्धा खरा मुद्दा मी मान्य करते, जरा नाखुशीने. लोक एकाच वस्तूला वेगवेगळे शब्द टाइप करतात हे खरंय. बडोद्यात आपण झोपाळा म्हणतो, गुजराती शेजारी हींचको म्हणतो, मारवाडी गिऱ्हाईक झूला म्हणतं, आणि फोनवर टाइप करताना कोणी `hichko` लिहितो, कोणी `hinchko`, कोणी `zula`, कोणी `jhula`. हे सगळं टायटलमध्ये कोंबायचं नसतं. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओत `Tags` नावाचा वेगळा खाना आहे, व्हिडिओच्या तपशिलात खाली `Show more` दाबलं की दिसतो. यूट्यूब स्वतः म्हणतं की शोधात टॅगचा वाटा फार थोडा असतो आणि त्याचा खरा उपयोग लोक स्पेलिंग चुकवतात तिथे होतो. म्हणजे ही चार स्पेलिंगं तिथेच घालायची, आणि विषय संपला.

पहिल्या मुद्द्यासाठी दादाचा तोच व्हिडिओ घेऊ. अकरा मिनिटांचा आहे, दादा त्यात आमच्या बडोदी हिंदीत बोलतो. पाच फूट बाय दोन फुटांचा पाट, चार पितळी साखळ्या, आणि मधे तीन मिनिटं तो छताच्या कड्यांबद्दल सांगतो. हे सांगणारं दुसरं कोणी मला तरी दिसलेलं नाही. कड्यांमधलं अंतर पाटावरच्या कड्यांइतकंच ठेवायचं, नाहीतर साखळ्या तिरक्या लोंबतात आणि पाट फिरत राहतो. पाट जमिनीपासून साधारण अठरा इंच, म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे पाय टेकतात. पुढेमागे झोका जायला तीन-तीन फूट मोकळे. हा अनुभव व्हिडिओत होता, पण टायटल होतं हे:

```
Best Furniture Vadodara | Sofa Bed Zula Almirah | Sasta Furniture
```

ज्याला घरात झोपाळा टांगायचाय तो यातून कसं ओळखणार की आपल्या छताचं उत्तर आत आहे? फोनवर तर शेवटचे शब्द कापलेच जातात. आम्ही ते असं केलं:

```
घर में झूला कैसे लगाएँ: हुक की दूरी, ऊँचाई, साइज़ | Hichko Vadodara
```

आधी माणसाचा प्रश्न, मग तो शोधतो तो शब्द, शेवटी गाव. गाव लिहायचं, पण एकच, आणि जिथे आपण असतो तेच. सोफा, बेड, कपाट काढून टाकलं, कारण या व्हिडिओत सोफा नाही. सोफ्याचा व्हिडिओ निघेल तेव्हा सोफ्याचं टायटल मिळेल.

डिस्क्रिप्शनमध्ये «आणखी» दाबायच्या आधी दोनेक ओळीच दिसतात, म्हणून पत्ता आणि नमस्कार खाली ढकलले आणि उत्तर वर आणलं:

```
5 x 2 फुट सागवान झूला: पाट ज़मीन से 18 इंच,
आगे-पीछे 3-3 फुट जगह। हुक की दूरी 05:40 पर देखिए।
```

त्याखाली वेळा लिहिल्या: `00:00` लाकूड, `02:10` पाट, `05:40` कड्या, `08:15` पॉलिश. पहिली वेळ `00:00` च हवी, निदान तीन हव्यात आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांहून लहान नको, तरच यूट्यूब त्यांचे भाग पाडतं. भाच्याने पहिल्यांदा `00:05` पासून सुरुवात केली आणि भाग पडलेच नाहीत. सगळ्यात खाली कारखान्याची गल्ली आणि वेळ.

तिसरा मुद्दा, पिन केलेली कमेंट. यूट्यूबने जुळवणीसाठी ज्या गोष्टी मोजतो म्हणून सांगितल्या, त्यात कमेंट नाही. तिथे शब्दांची माळ ओतली तर येणाऱ्याला दुकानदार वेडा झालाय असं वाटतं. ही जागा आलेल्या माणसासाठी आहे. दादाला रोज तीन प्रश्न येतात: किंमत काय, फ्लॅटच्या स्लॅबला चालेल का, घरी येऊन बसवता का. ती तीन उत्तरं तिथे लिहिली आणि शेवटी मागितलं, «खोलीची रुंदी आणि छताची उंची लिहा, किती लांबीची साखळी लागेल ते सांगतो.» आता लोक मापं लिहितात, आणि दादा ती वहीत उतरवतो. एका व्हिडिओवर पिन एकच राहते, नवी केली की जुनी सुटते. शॉर्ट्सच्या कमेंटमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, 31 ऑगस्ट 2023 पासून तिथल्या लिंका दाबल्या जात नाहीत.

आणि एक गंमत. पाळण्याच्या व्हिडिओवर कमेंटचा खानाच नव्हता. दादा म्हणाला, यूट्यूबचा डाव आहे. पाहिलं तर अपलोड करताना भाच्याने «हा व्हिडिओ मुलांसाठी आहे» याला हो म्हटलं होतं. पाळणा म्हणजे मुलांचा! तसं केलं की कमेंट बंद, मग पिन कुठली? पाळणा विकत घेणारी आई किंवा आजी असते, बाळ नव्हे. ते बदलून «नाही» केलं आणि कमेंट सुरू झाल्या.

चौथा मुद्दा, टायटल बदललं की व्हिडिओ मरतो. दादाच्या बावीसपैकी एकही मेला नाही. चालू असलेल्या व्हिडिओचं सगळं एकाच दिवशी बदलू नये एवढंच खरं, कारण मग कशाने फरक पडला ते कळत नाही. आम्ही आधी फक्त झोपाळ्याचं बदललं आणि बाकीचे तसेच ठेवले. स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये `YouTube search` वर दाबलं की कोणत्या शब्दांवरून लोक आले ते दिसतं. आधी तिथे «sofa price surat» होतं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर «jhula hook distance» आणि «hichko size» होते. संख्या मोठ्या नाहीत, पण ही माणसं `05:40` पर्यंत थांबतात.

उरलेले एकवीस आम्ही रोज एक या हिशेबाने करतोय. काल पलंगाचा केला. दादाने विचारलं, टायटलमध्ये «बेस्ट» लिहू का? मी म्हटलं, त्याऐवजी पलंगाची रुंदी लिही.