व्याख्येतला कुठला शब्द हलवायचा, कुठला नाही

«सर, "व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा" हे सांगायला सोपं आहे. मी राजारामपुरीत दहावीचा क्लास घेते. तुमचा लेख वाचून एकानं वितळणाच्या विशिष्ट अप्रकट उष्म्याची व्याख्या लिहिली: "बर्फ विरघळायला लागणारं तापमान." दुसऱ्यानं बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याला गुऱ्हाळातल्या काहिलीचं उदाहरण दिलं. पाठ केली असती तर निदान मार्क तरी पडले असते.»

मॅडम, पहिलं वाक्य चुकलंच आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. संज्ञा तशीच ठेवा एवढंच मी लिहिलं होतं. संज्ञेखेरीज आणखी कोणते शब्द हलवायचे नाहीत, ते लिहायचं राहिलं.

तीच व्याख्या घेऊ. एकक वस्तुमानाच्या स्थायूचं स्थिर तापमानाला द्रवात पूर्ण रूपांतर होताना शोषली जाणारी उष्णता, तिला वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा म्हणतात. तुमच्या मुलानं यातले दोन शब्द बदलले आणि दोन्ही नको तिथले. उष्णता ही ऊर्जा, ती ज्यूल किंवा कॅलरीत मोजतात. तापमान अंश सेल्सिअसमध्ये. ही अदलाबदल एकक विचारलं की लगेच पकडता येते. विरघळण्याचं प्रकरण जास्त चिवट आहे, कारण आपण घरात सर्रास "आइस्क्रीम विरघळलं" म्हणतो. शास्त्रात मात्र विरघळायला दुसरा पदार्थ लागतो: साखर पाण्यात विरघळते, बर्फ वितळतो. म्हणजे बोलीत एक आणि शास्त्रात दुसरा अर्थ असलेला शब्द व्याख्येत आला, की तो पुस्तकातलाच ठेवायचा. वस्तुमानाच्या जागी वजन लिहिणं हीसुद्धा त्याच जातीची चूक.

मग बदलायचं काय? वाक्याची बांधणी. पुस्तक मिटवून मुलानं चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत: ही कसली राशी? किती पदार्थासाठी? कशातून कशात? कोणत्या अटीवर? उत्तरं अशी येतील: उष्णता, एकक वस्तुमान, म्हणजे एक ग्रॅम किंवा एक किलो, स्थायूतून द्रवात, सगळाच्या सगळा, आणि तोवर तापमान हलता कामा नये. ती जोडून वाक्य होतं: "एक किलो स्थायू सगळाच्या सगळा वितळून द्रव होईपर्यंत, तापमान न वाढता, जेवढी उष्णता तो शोषून घेतो, तो त्याचा वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा." संज्ञा जशीच्या तशी, बाकी वाक्य त्याचं स्वतःचं.

हे बरोबर आहे का, ते पुस्तकाशी शब्द जुळवून कळत नाही. एकेक अट झाकायची आणि आकडा बिघडतो का ते पाहायचं. बर्फासाठी खरा आकडा ग्रॅमला 80 कॅलरी. "तापमान न वाढता" झाका: आता उणे 10 अंशांचा बर्फ घेतला तरी वाक्य त्याला लागू पडतं. पण त्याला शून्यापर्यंत आणायलाच ग्रॅममागे 5 कॅलरी जातात, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता 0.5 आहे. उत्तर 85 येतं. "सगळाच्या सगळा" झाकलं, तर अर्धाच वितळलेल्या ग्रॅमभर बर्फाच्या 40 कॅलरीही चालून जातात. "एक किलो" काढलं तर विशिष्ट हा शब्दच पोकळ होतो. उरतो नुसता अप्रकट उष्मा, जो बर्फ जितका जास्त तितका वाढतो. आकडा बिघडला नाही, तर तो शब्द भरतीचा, खुशाल गाळावा. मुलांना हे तोंडी करायला लावा, पाच मिनिटांत होतं.

काहिलीच्या उदाहरणाबद्दल मात्र मी त्या मुलाच्या बाजूनं थोडा आहे. उकळणारा रस त्यानं डोळ्यांनी पाहिलाय. पण उदाहरण चुकतं ते नेमकं "स्थिर तापमान" या अटीवर. रसातलं पाणी उडत जातं तशी साखर दाट होते आणि उत्कलनांक चढत जातो. गूळ उतरवायच्या वेळी काहिलीत साधारण 118 अंशांच्या आसपास तापमान असतं. उकळी अखंड चालू, आणि तापमान मात्र वर. शुद्ध पाणी उघड्या भांड्यात उकळत ठेवलं तर असं होत नाही. त्याला उदाहरण खोडायला सांगू नका, पाण्याच्या पातेल्याशेजारी काहील ठेवून फरक लिहायला सांगा. ती अट त्याच्या परत सुटणार नाही.

मार्कांचं म्हणाल, तर पेपरात पुस्तकातलं वाक्य नीट आठवलं तर तेच लिहावं, माझी काहीच हरकत नाही. स्वतःचं वाक्य उजळणीसाठी आहे. पाठ केलेल्या वाक्यातून मधलाच एखादा शब्द निसटला, तर पाठांतर करणाऱ्याला तो निसटल्याचं कळत नाही. चार प्रश्नांची उत्तरं माहीत असणाऱ्याला रिकामी जागा दिसते.