परीक्षणात उतारा टाकला म्हणून जेल? काहीही काय!

"सावधान!! पुस्तकातली एक ओळ जरी परवानगीशिवाय पोस्ट केली तरी कॉपीराइट कायद्याने 3 वर्षं जेल. टीका करणाऱ्या परीक्षणात तर उतारा अजिबात चालत नाही, लेखक केस करू शकतो. 10 टक्क्यांपर्यंत मात्र चालतं, आणि लेखकाचं नाव दिलं तर काहीच होत नाही. वाचनप्रेमींनी जुन्या पोस्ट ताबडतोब डिलीट कराव्यात."

हे आमच्या मावशीच्या वाचक ग्रुपवर आलं आणि तिने इतक्या मेहनतीने लिहिलेली परीक्षणं खरंच उडवायला घेतली, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजला कोण उत्तर देत बसतं.

जेलचं आधी. शिक्षा कायद्यात आहे, हे मान्य करावंच लागेल. कलम 63, जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते 3 वर्षं आणि वर दंड. पण त्यासाठी आधी उल्लंघन व्हायला हवं ना! 1957 च्या त्याच कायद्यात कलम 52 आहे आणि त्याची सुरुवातच अशी आहे की खालील गोष्टी म्हणजे उल्लंघन नव्हेच. त्या यादीत अगदी वरती 'फेअर डीलिंग', म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराचा रास्त वापर, येतं, आणि त्यात 'समीक्षा किंवा परीक्षण' असं स्पष्ट लिहिलंय. तेही त्याच पुस्तकाचं किंवा दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचं, म्हणजे एका कादंबरीबद्दल लिहिताना तुलनेसाठी दुसरीतला उतारा दिला तरी चालतो. कलम 63 वाचणाऱ्याला थोडं मागे जाऊन 52 वाचता आलं नाही का?

आता टीकेचा मुद्दा, हा सगळ्यात कहर. समीक्षेसाठी सूट ठेवायची आणि ती फक्त कौतुक करणाऱ्यांना द्यायची, असा कायदा कोण करेल? केरळ हायकोर्टाचा 1996 चा निकाल आहे, सिविक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा. तोप्पिल भासींचं कम्युनिस्ट चळवळीवरचं एक गाजलेलं मल्याळम नाटक होतं, त्याला उत्तर म्हणून चंद्रननी उलट नाटक लिहिलं, त्यात मूळ नाटकातली पात्रं घेतली, संवाद घेतले, आणि त्यांच्याच तोंडून मूळ नाटकाची आणि पक्षाची उलटतपासणी केली. भासींच्या वारसांनी केस केली, खालच्या कोर्टाने प्रयोगाला मनाई केली आणि हायकोर्टाने ती उठवली. कोर्टाने तीन गोष्टी बघितल्या. टीकेच्या मानाने उचललेला मजकूर किती आणि किती महत्त्वाचा, तो कशासाठी उचललाय, आणि नवं लिखाण जुन्याशी स्पर्धा करतंय का. संवाद बरेच घेतले होते, तरी ते टीकेसाठी होते, मूळ नाटकाची नक्कल करून त्याचा प्रेक्षक पळवण्यासाठी नव्हते. इथे एक पूर्ण नाटक उभं राहिलं आणि तुम्ही मावशीला चार ओळींवरून घाबरवताय!

स्पर्धा म्हणजे काय तेही समजून घ्या. परीक्षण वाचून "रद्दी आहे, नको घ्यायला" असं वाटून खप पडला, तर तो टीकेचा परिणाम, त्यावर कॉपीराइटची तक्रार होत नाही. पण परीक्षणातच इतकं वाचायला मिळालं की पुस्तकाची गरजच उरली नाही, तर मात्र गडबड आहे. समजा अडीचशे पानांची कादंबरी आहे, तुम्ही 900 शब्दांत लिहिलंय की संवाद कृत्रिम आहेत आणि पुरावा म्हणून शंभरेक शब्दांचा एक संवाद दिलाय, तर बिनधास्त टाका. त्याऐवजी अख्खं शेवटचं प्रकरण टाईप करून खाली "अप्रतिम, नक्की वाचा" एवढंच लिहिलं, तर ते परीक्षण नाहीच.

यातच 10 टक्क्यांचं उत्तर आलं. परीक्षणाच्या सुटीला कायद्यात टक्के नाहीत, ओळी नाहीत, शब्दांचा आकडा नाही. अडीचशे पानांचे 10 टक्के म्हणजे 25 पानं, तेवढी नुसती चिकटवलीत तर सूट विसरा. उलट सहा ओळींच्या कवितेवर लिहिताना दोन ओळी दिल्या तर तिसरा हिस्सा झाला, पण त्या दोन ओळींबद्दलच तुम्ही बोलत असाल तर सहसा अडचण येत नाही. पूर्ण कविता देताना मात्र जरा हात आखडता घ्या, तिथे लेखक किंवा प्रकाशकाला विचारलेलं बरं.

नाव द्यायचंच, पण पूर्ण पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकून वर लेखकाचं नाव लिहिलं तर काहीच सुटत नाही, उलट कलम 63 लागायची वेळ तिथे येऊ शकते. आणि गंमत म्हणजे हा फॉरवर्ड ज्या ग्रुपवरून आला तिथे असल्या पीडीएफ रोज फिरतात, त्या कुणी डिलीट केलेल्या नाहीत!