फाइंड-रिप्लेसने आदर येत नाही

पेठेतल्या एका जुन्या न्यासाची शिष्यवृत्तीची माहितीपुस्तिका सध्या माझ्याकडे मुद्रितशोधनाला आहे. सोबत विश्वस्तांनी शब्दांची यादी दिली. अपंगच्या जागी दिव्यांग, अंधच्या जागी दृष्टिहीन, मतिमंदच्या जागी बौद्धिक दिव्यांग, विधवाच्या जागी एकल पालक. हेतू चांगलाच आहे. पण फाइल माझ्याकडे येण्याआधी ऑफिसातल्या कुणीतरी ती यादी घेऊन सरसकट फाइंड-रिप्लेस चालवलं. त्यामुळे न्यास ‘दृष्टिहीनश्रद्धा निर्मूलना’वर व्याख्यानं भरवू लागला आणि एक देणगीदार थेट ‘दृष्टिहीनेरी पूर्व’ला राहायला गेले.

असल्या चुका दिसतात तरी. खरा घोळ पात्रतेच्या कलमात होता. तिथे मुळात सात प्रकार होते: अंध, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद, मनोरुग्ण. हे सात म्हणजे 1995 च्या कायद्यातली यादी. तो कायदा जाऊन 2016 चा आला आणि त्यात प्रकार एकवीस झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेल्या व्यक्ती, सगळे त्यात आहेत. म्हणजे सातही शब्द कितीही सभ्य केले, तरी अध्ययन अक्षमता असलेली मुलगी ही पुस्तिका वाचून ‘आपण यात बसत नाही’ म्हणून अर्जच करणार नाही. शिष्यवृत्तीच्या पुस्तिकेत याहून मोठा अपमान कोणता? मी ती यादीच काढून ‘2016 च्या कायद्यानुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेले विद्यार्थी’ एवढंच सुचवलं.

उलट, न्यासाच्या इतिहासाच्या पानावर 1995 च्या कायद्याच्या नावातला ‘अपंग’सुद्धा बदलला गेला होता. तो मी परत आणला. तेव्हाच्या कायद्याचं, ठरावाचं किंवा शाळेच्या नोंदणीचं नाव आज आवडत नाही म्हणून बदलता येत नाही. तिथे दुरुस्ती केली की दस्तऐवज खोटा होतो.

(‘दिव्यांग’ शब्द स्वतःलाही नको असणारे अनेक जण आहेत. आमच्यात दिव्य काही नाही, रॅम्प द्या, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण सरकारी प्रमाणपत्रावर तोच शब्द आहे, त्यामुळे नियमांत तो ठेवला. विद्यार्थ्यांच्या मनोगतांत मात्र ज्याने त्याने स्वतःसाठी वापरलेला शब्द तसाच राहू दिला.)

आता ‘एकल पालक’. मूळ कलम असं: ‘विधवा व परित्यक्ता मातांच्या पाल्यांस प्राधान्य.’ परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली, तो शब्द जायलाच हवा. पण यादीप्रमाणे बदल केला की बायको वारलेला बापही प्राधान्यात येतो आणि अविवाहित आईही. माझं मत विचाराल तर यायलाच हवेत. पण हा भाषेचा बदल नाही, नियमाचा आहे, आणि तो मुद्रितशोधकाने गुपचूप करायचा नसतो. मी ‘पतीचे निधन झालेल्या किंवा पतीपासून विभक्त राहणाऱ्या माता’ असं केलं आणि समासात विश्वस्तांना प्रश्न लिहिला: वडील एकटे सांभाळत असतील तर?

लिंगभेदाचं काम मराठीत त्या मानाने सोपं आहे. ‘जो विद्यार्थी गैरहजर राहील त्याची शिष्यवृत्ती’ याचं ‘गैरहजर राहणाऱ्यांची शिष्यवृत्ती’ केलं की तो-ती दोन्ही गळतात आणि वाक्यही आखूड होतं. तिरकी रेघ मारून ‘त्याची/तिची’ करणारे उगाच वाक्याचे हाल करतात.

यादीत नसलेली गोष्ट अहवालाच्या पानावर सापडली. ‘अध्यक्ष वेळेवर आले’, आणि दोन ओळींनी खाली, ‘शिपाई किल्ली घेऊन आला.’ देणगीदारांची नावं आडनावासह, सफाई करणाऱ्या बाईंचं नुसतं पहिलं नाव, तेही ‘हिने’ लावून. यातला एकही शब्द अपमानकारक नाही, म्हणून कुठल्याच यादीत तो येणार नाही. आपल्या क्रियापदातच उतरंड बसलेली आहे. हे शोधायला मी सगळी एकवचनी क्रियापदं एकदा वेगळी वाचतो आणि कर्ता कोण ते बघतो. बहुतेक वेळा कमी पगाराचा माणूस निघतो.

‘शिपाई आले’ केल्यावर कार्यालयातून फोन आला, ‘अहो, हे वाचायला विचित्र वाटतं.’ मी म्हटलं, मग अध्यक्षही ‘आला’ करू या का? त्यांनी ‘आले’ ठेवायला सांगितलं. समासातल्या प्रश्नावर मात्र उत्तर नाही. विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत ते पान छपाईला सोडणार नाही.