हरवले-सापडले नोंदवही: निवांत कारभाराची कला

पाऊस सुरू झाला की शाळेच्या ऑफिसात छत्र्यांचा ढीग लागतो आणि हरवले-सापडले वही कुणाच्या तरी गळ्यात पडते. यंदा ती तुमच्या गळ्यात पडली असेल, तर घाबरू नका.

वर्णनाच्या रकान्यात ‘काळी छत्री, नग 1’ एवढंच लिहा. मुंबईत जुलै महिन्यात काळी छत्री असते किती जणांकडे? काही चिकित्सक मंडळी ‘तीन घडीची, मुठीला निळी नाडी, एक काडी तारेने बांधलेली’ असं लिहितात. वर वहीतला अनुक्रमांक चिठ्ठीवर टाकून ती चिठ्ठी मुठीला बांधतात. मग कुठली नोंद कुठल्या छत्रीची हे कुणालाही कळतं, आणि तुम्हाला कोण विचारणार?

खुणा लिहायची हौसच असेल, तर त्या सगळ्या सूचनाफलकावर लावा. फलकावर नुसतं ‘एक छत्री सापडली आहे’ लिहून नाडी आणि तार वहीत लपवून ठेवणं म्हणजे लेकरांवर अविश्वास. मग मागायला आलेल्याला ‘खूण सांग’ म्हणा, तो डोकं खाजवणार, तेवढा वेळ आहे कुणाला? फलकावर खूण असली की तो वाचून येतो, घडाघडा म्हणतो आणि छत्री घेऊन जातो. खरा मालक दुपारच्या अधिवेशनातला निघाला, तर ते प्रकरण जेवणानंतरचं.

सापडल्याची तारीख म्हणून वही हाताशी लागेल त्या दिवसाची टाका. बुधवारी बाकाखाली मिळालेली छत्री शुक्रवारी नोंदवली की गुरुवारी छत्री हरवलेला मुलगाही हक्काने रांगेत येतो. बुधवार लिहिलं असतं, तर ‘काल सकाळी माझ्याकडेच होती’ म्हणताक्षणी त्याला वर्गात परत पाठवावं लागलं असतं. उगाच बिचाऱ्याचा हिरमोड!

‘कोणाला सापडली’ इथे ‘एका मुलाला’ पुरे. पाकीट असेल तर त्याच्यासमोर पैसे मोजून, लिफाफ्यात बंद करून, जोडावर दोघांनी सह्या करणं हे बँकेचे चोचले. पुढे पालक विचारतील, ‘तीनशे होते, साठ कसे?’ तेव्हा त्या एका मुलाला शोधत सगळे वर्ग फिरा. जिने चढणं तब्येतीला चांगलं.

शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘दिली’. कोणाला, कुठल्या तुकडीत, कधी, सही कुणाची, हे विचारणारा दुसरा दावेदार येईपर्यंत खोडरबर हाताशी असू द्या.

जेवणाच्या डब्याचा मात्र नियम वेगळा. सापडल्यावर लगेच उघडून, अन्न टाकून, धुवून मग नोंद करायची असते, असं सांगणारे भेटतील. तुम्ही शनिवारी ‘स्टीलचा डबा, बंद’ लिहा आणि कपाटात ठेवा. सोमवारी तो कुठे आहे हे वही न उघडता सगळ्या ऑफिसला कळेल.