प्रश्न विचारून गप्प राहणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने

प्रश्न विचारून थांबू नका, असं सांगणारा शिक्षकांच्या ग्रुपमधून फिरत आलेला मेसेज असा आहे:

"(१) ज्याला उत्तर येतं तो लगेच सांगतो. ज्याला येत नाही त्याच्यापुढे मिनिटभर थांबलात तरी येणार नाही. (२) शिक्षक गप्प झाला की वर्ग हातातून गेलाच. (३) ५० पोरांचा वर्ग, ३५ मिनिटांचा तास. थांबत बसलात तर पोर्शन कधी संपवणार? (४) आधी मुलाचं नाव घ्या, मग प्रश्न विचारा. लक्ष राहतं."

मुद्दा पहिला

थांबून फरक पडतो का, हे तपासून झालेलं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९६०च्या दशकापासून प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग करून त्यातल्या शांततेची लांबी मोजली. प्रश्न संपल्यापासून शिक्षक पुन्हा बोलेपर्यंत सरासरी एक सेकंदाच्या आसपास वेळ जात होता. मुलाचं उत्तर झाल्यावर शिक्षक तोंड उघडेपर्यंतही तेवढाच. मग काही शिक्षकांना सराव देऊन या दोन्ही जागी तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लावलं. उत्तरं लांब झाली, त्यांत कारणं येऊ लागली, "माहीत नाही" आणि नुसतं गप्प बसणं कमी झालं. शिक्षकांच्या लेखी जी मुलं 'कच्ची' होती ती आधीपेक्षा जास्त बोलू लागली. त्यांना खरोखरच काही येत नसतं, तर थांबून हा फरक पडला नसता.

रोबाईंना आणखी एक गोष्ट दिसली. वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या पाच मुलांसाठी शिक्षक जवळजवळ दोन सेकंद थांबायचे, आणि मागे पडलेल्या पाच जणांसाठी एक सेकंदही नाही. ज्याला वेळ जास्त लागतो त्यालाच कमी मिळत होता, आणि मग त्याला येत नाही असा शेरा बसत होता.

मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या वर्गात तर हे फारच लागू पडतं. एका बाकावर मालवणी बोलणारा, शेजारी घरी भोजपुरी बोलणारी, मागे गुजराती किंवा दखनी. प्रश्न ऐकायचा, आठवायचं, मराठीत वाक्य जुळवायचं, आणि चुकलं तर हसतील ही धास्ती गिळायची. एवढं सगळं एका सेकंदात होत नाही.

कुर्ल्याकडच्या एका शाळेतला सातवीचा विज्ञानाचा तास सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. बाईंनी विचारलं, "आत्ता गॅलरीत टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. का?" आणि गप्प राहिल्या. पहिले दोन सेकंद मुलं बाईंकडे बघत होती, आता बाईच सांगतील म्हणून. मग नजरा खिडकीकडे गेल्या. एक मुलगा म्हणाला, "ऊन नसतं."

बहुतेक तास इथेच संपतात. "बरोबर! ऊन नसतं!" म्हणून शिक्षक उत्तर पुन्हा मोठ्याने सांगतात आणि फळ्याकडे वळतात. या बाईंनी ना शाबासकी दिली ना उत्तराची री ओढली. त्या मुलाकडे बघत राहिल्या. चारेक सेकंद गेले असतील. मुलगा स्वतःच अडला: "पण बाई, दिवाळीनंतर आमच्या गॅलरीत ऊन येतच नाही, तरी वाळतात." पुन्हा शांतता. भिंतीकडच्या रांगेतून, कोणी न विचारता, एक मुलगी म्हणाली, "आता हवा में ही पाणी आहे ना, मग कपड्याचं पाणी जाणार कुठे?"

बाईंनी मराठी दुरुस्त केलं नाही, एवढंच विचारलं, "हवेत पाणी आहे हे कशावरून?" परत थांबल्या. डब्यातलं मीठ ओलं होतं, पापड सादळतात, शाळेच्या वह्यांची पानं मऊ पडतात, अशी उत्तरं तीन बाजूंनी आली. त्यानंतर त्यांनी फळ्यावर 'आर्द्रता' लिहिलं. हवेत बाष्प आधीच भरपूर असलं की बाष्पीभवन मंदावतं, हे सांगायला मग दोन वाक्यं पुरली.

यात पहिल्या थांबण्यापेक्षा दुसरं, म्हणजे उत्तरानंतरचं, जास्त कामाचं ठरलं. पहिल्याने 'ऊन नसतं' एवढंच आलं होतं, तेही अर्धवट. त्याला अपवाद त्याच मुलाने शोधला, आणि "बरोबर" कानावर पडलं असतं तर त्याने तो शोधलाच नसता. आपण शिक्षक पहिल्या थांबण्याची थोडीफार चर्चा करतो, या दुसऱ्याचं नावही घेत नाही.

मेसेजची बाजू एका जागी खरी आहे. साताआठे किती, महाराष्ट्राची उपराजधानी कोणती, असल्या प्रश्नांना तीन सेकंद थांबून काही हाती लागत नाही. पाठ आहे तो सांगतो, नाही तो नाही. थांबायचं ते जुळवून सांगावं लागणाऱ्या उत्तरासाठी. केनेथ टोबिन यांनी १९८७ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हा भेद आहे.

मुद्दा दुसरा

गडबड होते हे खरं. शांतता कशासाठी आहे हे मुलांना माहीत नसलं की होते. आपल्या वर्गांना सवय आहे ती वाक्य पुरं करायची: "पाणी उकळलं की त्याची काय होते? वा...?" आणि सगळा वर्ग एका सुरात "वाफ!" हा आवाज मोठा असतो, हेडमास्तरांना व्हरांड्यातून बरा वाटतो, आणि त्यात कोणाला काय कळलं याचा पत्ता लागत नाही. एरवी असं ओरडणाऱ्या वर्गासमोर शिक्षक अचानक गप्प झाला तर मुलं चुळबुळणारच.

म्हणून आधी सांगावं लागतं: "आता कोणी हात वर करायचा नाही, बोलायचं नाही. मी खूण करेपर्यंत मनात पूर्ण वाक्य तयार करा." हात वर करायची बंदी मुद्दामच. पहिला हात वर गेला की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो, आणि आपलीही नजर त्या हाताकडे ओढली जाते.

थांबताना शिक्षकाची जीभ वळवळते. दोन सेकंद झाले की आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, "म्हणजे मला असं म्हणायचंय की..." आणि जुळवत आलेलं मूल परत पहिल्यापासून ऐकू लागतं. रेकॉर्डिंग करून बघा. आपण थांबलो असं वाटतं तिथे आपण प्रश्नच लांबवत होतो, असं बहुतेकांना आढळतं.

शांतता कुठली आहे हे चेहऱ्यांवरून कळतं. नजर छताला, ओठ किंचित हलतायत, कोणी वहीच्या कोपऱ्यात खरडतोय, तर थांबा. सगळे तुमच्याकडे किंवा एकमेकांकडे बघतायत आणि आठ-दहा सेकंद झाले, तर घोडं प्रश्नातच अडलंय. तेव्हा ताणू नका, प्रश्न लहान करा: "डिसेंबरात किती वेळात वाळतात? आत्ता किती? दोन्ही वेळी काय सारखं आहे?" सगळं झाल्यावर विचारलेल्या "समजलं का?" ला मात्र कितीही थांबा, "हो" च येणार.

मुद्दा तिसरा

हिशोब मांडू. एका तासात विचार करायला लावणारे प्रश्न सहा, म्हणजे बरेच झाले. प्रत्येकाच्या उत्तराआधी तीन, उत्तरानंतर तीन सेकंद. एकूण ३६ सेकंद. एवढा वेळ हजेरीत 'यस सर, यस सर' करताना सहज जातो. पोर्शन खातात ते दुसरे प्रश्न, दर मिनिटाला दोन-तीन फेकलेले, ज्यांना पुढच्या बाकावरचे ठरलेले चौघं उत्तर देतात आणि सहामाहीत बाकीच्यांना तोच धडा परत शिकवावा लागतो.

मोठ्या वर्गाची अडचण वेळेची कमी आणि आवाजाची जास्त आहे. पंखे घरघरतायत, शेजारून लोकल जातेय, तिसऱ्या रांगेतलं उत्तर पहिल्या रांगेला ऐकू येत नाही. म्हणून आपण ते मोठ्याने परत सांगतो. मग मुलं एकमेकांचं ऐकणं सोडून देतात, सर सांगणारच आहेत म्हणून. त्याऐवजी बोलणाऱ्या मुलाला उभं राहून वर्गाकडे तोंड करायला सांगा, आणि दुसऱ्या टोकाच्या एखाद्याला विचारा, "ती काय म्हणाली?" पहिले काही दिवस "ऐकू नाही आलं" हेच उत्तर मिळतं. ते मिळू द्या, आणि तिला पुन्हा बोलू द्या.

आणि ५० मुलांसाठीच जोडीची पद्धत उपयोगाची आहे. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गापुढे. बाकावर दोघं असतातच. अर्धा मिनिट दिलं की २५ तोंडं एकाच वेळी बोलतात. घरच्या भाषेत बोलले तरी चालेल. वर्गापुढे येणारं वाक्य तोवर एकदा बोलून झालेलं असतं, त्यामुळे ते मराठीत आणणं सोपं जातं. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊ नयेत म्हणून थांबायची खूण आधी ठरवा: सरांनी हात वर केला की बघेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. टाळ्या वाजवून किंवा "शांत बसा" ओरडून गोंगाट वाढतोच. एकट्याने विचार करायची पायरी गाळू नका, नाहीतर जोडीतला बोलका बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

मुद्दा चौथा

"सानिका, सांग, कपडे का वाळत नाहीत?" यात सानिका हे नाव कानावर पडताच उरलेले ४९ सुटले. सानिकालाही प्रश्न ऐकायच्या आधीच धडकी भरली. क्रम उलटा करा: प्रश्न, थांबणं, मग नाव. नाव कोणाचं येणार हे माहीत नसलं की सगळ्यांनाच वाक्य जुळवून ठेवावं लागतं.

अपवाद आहे. अडखळत बोलणाऱ्या किंवा फारच बुजऱ्या मुलाला अचानक नाव घेऊन उभं करू नका. आधी बाकाजवळून जाताना हळूच सांगा, "यानंतरचा प्रश्न तुला विचारणार आहे, असा असा आहे." वर्गाला ते कळायची गरज नसते.

नाव घेतलेल्याला उत्तर आलंच नाही, तर सरळ दुसऱ्याकडे उडी मारू नका. "तू विचार कर, मी परत येतो" म्हणा, आणखी दोघांचं ऐका, आणि खरंच परत या: "आता या दोघांपैकी तुला कोणाचं पटतं, आणि का?" इथेही तीन सेकंद द्यावे लागतात. परत येणं विसरलात, तर पुढच्या वेळी "तू विचार कर" म्हणजे सुटका, हे मुलं लगेच ओळखतात.